पाच वर्षांच्या ऑइल-कूलंट पॅकेजमध्ये मी फसलो, तुम्ही फसू नका

आधीच सांगतो, मी हिशेबात ढिला माणूस नाही. गाडी घेतली त्याच दिवशी वही केली. महिन्याला 1,000 किमी, म्हणजे पाच वर्षांत 60,000. अ‍ॅव्हरेज 15 धरलं तर पेट्रोल 4,000 लिटर. मॅन्युअलप्रमाणे इंजिन ऑइल दर 10,000 किमीला आणि फिल्टरसकट मावतं 3.5 लिटर, म्हणजे सहा वेळा बदलून 21 लिटर. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. कूलंट पाच वर्षांत बदलायचंच नाही, फक्त पातळी बघायची. इतकं सगळं लिहून ठेवलेला माणूस फसला, म्हणून राग जास्त येतो.

पहिल्या सर्व्हिसला काउंटरवरचा माणूस म्हणाला, "साहेब, पाच वर्षांचं पॅकेज घ्या, पुढे भाव वाढले तरी तुम्हाला काही नाही." ऑइल दर 5,000 ला, ब्रेक ऑइल आणि कूलंट दरवर्षी, शिवाय टाकीत घालायचं एक औषध, ज्याने म्हणे अ‍ॅव्हरेज दहा टक्के वाढतं. मी मनातल्या मनात 15 च्या जागी 16.5 धरून हिशेब केला. साधारण 360 लिटर पेट्रोल वाचणार, पॅकेजचे पैसे त्यातच वसूल! सगळे पैसे एकरकमी भरले. घरात लहान मुलं आहेत, ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको, हाही विचार होता. यात माझं काय चुकलं?

चुकलं ते बिल वाचताना. पहिल्याच बिलावर 4.5 लिटर ऑइल लिहिलं होतं. बारा वेळा 4.5, म्हणजे 54 लिटर! माझ्या वहीत 21. मी तो आकडा वाचला, सही केली आणि घरी आलो. आमच्या गाडीत डिपस्टिकवरच्या खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर बसतं. 3.5 च्या जागी खरंच 4.5 गेलं असतं तर ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर दिसलं असतं. सर्व्हिसनंतर सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी कांडी पुसून पाहिली, तर ऑइल बरोबर वरच्या खुणेवर. "छान भरलंय" असं बायकोला मी स्वतः म्हणालो. ते वाक्य आजही कानात वाजतं. कांडी सांगत होती की एक लिटर डब्यातच राहिलंय, आणि मी खूश! असं चार वेळा झालं. चार लिटर ऑइल माझ्या गाडीत कधी गेलंच नाही.

उघडकीला आलं ते पंक्चरमुळे. दुसऱ्या वर्षाचं "ब्रेक ऑइल बदलले" असं बिल हातात पडून चार दिवस झाले होते. चाक काढलं. कॅलिपरच्या मागे ब्लीडिंगचा छोटा बोल्ट असतो, त्यावर रबराची टोपी. त्या टोपीवर चिखल वाळून खडखडीत झाला होता, कुठे तडासुद्धा नाही. ती टोपी काढल्याशिवाय जुनं ऑइल बाहेर येतच नाही. उरलेली तिन्ही चाकं काढून पाहिली, तीच गत. वरच्या डबीत थोडं नवीन ओतलं, संपलं काम. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. DOT 3 असेल तर नवं 205 अंशांच्या वर उकळतं, ओलावा शिरल्यावर ते 140 पर्यंत उतरू शकतं. उतारावर सतत ब्रेक दाबताना आत वाफ झाली की पेडल खाली जातं. माझी मुलं मागच्या सीटवर बसतात हो!

जाब विचारला तर म्हणाले, मशीनने बदललं. मशीन लावलं तरी तो बोल्ट उघडावाच लागतो! कंपनीच्या हेल्पलाइनवर अकरा फोन केले. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, पहिल्यापासून तीच कहाणी. ग्राहक तक्रार कार्यालयात फोटो दिले, चारही बिलं दिली, मॅन्युअलचं पान दिलं. तिथले साहेब म्हणे, "ऑइल घातलं नाही याचा पुरावा आणा." न घातलेल्या ऑइलचा पुरावा कुठून आणू? तीन महिन्यांनी कागद आला: "जॉब कार्डवर ग्राहकाची स्वाक्षरी असल्याने प्रकरण बंद." मॅन्युअलचं पान कुणी उघडलंसुद्धा नाही. कुणाचं काम आहे मग ते?

जॉब कार्डवर लिटर लिहिल्याशिवाय सही करू नका. आणि डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज बजेटला धरू नका. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करून किलोमीटरला लिटरने भागा. असं पाच-सहा टाक्या करा. मी केलं. औषधाआधी 14.8, औषधानंतर 14.7.

उरलेली आठ कुपनं परत घेत नाहीत, पैसेही देत नाहीत. 30,000 ची सर्व्हिस मी दुसरीकडे केली, गाडीशेजारी उभं राहून. साडेतीन लिटर ओतलं आणि कांडी वरच्या खुणेला टेकली.