जपान खंदकाचा छेद: समान प्रमाणात की उभ्या अतिशयोक्तीने?

भूगोलाच्या एका शिक्षिकेला ईशान्य जपानचा छेद फळ्याशेजारी लावण्यासाठी काढायचा आहे. उभे आणि आडवे प्रमाण सारखे ठेवावे, की उभे प्रमाण पाचपट ताणावे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

खंदक आणि ज्वालामुखी दिसण्याच्या बाबतीत ताणलेली आकृती सरस ठरते. १ सेंटिमीटरला ५० किलोमीटर धरल्यास सुमारे ८ किलोमीटर खोल जपान खंदक दीड मिलिमीटरच भरतो, तर पाचपटीत तो आठ मिलिमीटर होतो.

भूकंपांच्या खोलीचा आकृतिबंध मात्र ताणलेल्या आकृतीत बिघडतो. खंदकापाशी उथळ असलेली भूकंपकेंद्रे पश्चिमेकडे खोल होत जपानच्या समुद्रापलीकडे सुमारे ६०० किलोमीटरपर्यंत उतरतात, आणि त्यांची तिरपी पट्टी म्हणजेच खाली सरकणारे पॅसिफिक भूपट्ट. समान प्रमाणात त्याचा उतार सुमारे ३० अंशांचा दिसतो. पाचपटीत तोच ७१ अंशांचा होऊन भूपट्ट जवळजवळ उभे कोसळते आहे असे वाटते. शिवाय बारा सेंटिमीटर उंचीत फक्त १२० किलोमीटर खोली मावते, म्हणजे खोल भूकंप कागदाबाहेरच जातात.

ज्वालामुखींच्या रांगेखाली भूपट्ट साधारण १०० किलोमीटर खोल असते. त्यातून सुटणारे पाणी वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू उतरवते, म्हणून शिलारसाचा उगम भूपट्टाच्या वर दाखवावा. भूपट्टच वितळताना दाखवण्याची चूक दोन्ही प्रकारांत सर्रास आढळते.

केवळ भूरूपे शिकवायची असतील तर ताणलेली आकृती पुरेशी आहे, पण उताराचा कोन किंवा भूकंपांची खोली मोजून घ्यायची असेल तर समान प्रमाणच हवे.