पातळी नियंत्रणासाठी ट्रान्सफर फंक्शन घ्यावे की अवस्था समीकरण?

टाकीतील पाण्याच्या पातळीचे प्रतिमान तयार करायचे असेल, तर दोन वाटा समोर असतात. एक, `K/(Ts+1)` असे ट्रान्सफर फंक्शन लिहून पुढचे सगळे काम `s` मध्ये करायचे. दुसरी, पातळीचे विकलक समीकरण म्हणजेच अवस्था समीकरण जसेच्या तसे ठेवायचे आणि ते संगणकावर पायरीपायरीने सोडवायचे. मी दोन्ही वाटांनी बराच काळ काम केले आहे. दोन्हींना आपापली जागा आहे, हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहे. तरीही माझे पारडे एका बाजूला का झुकले, तेही सांगणार आहे.

उदाहरण प्रयोगशाळेतल्या साध्या टाकीचे घेऊ. तिच्या तळाचे क्षेत्रफळ 100 चौ. सें.मी. आहे आणि खालचा व्हॉल्व्ह एका ठरावीक स्थितीत उघडा आहे. बाहेर जाणारा प्रवाह पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून समीकरण असे होते:

```
100 dh/dt = q - 10 √h
```

येथे `h` सें.मी.मध्ये आणि आत येणारा प्रवाह `q` घन सें.मी. प्रति सेकंदात आहे. प्रवाह 40 असेल, तर पातळी 16 सें.मी.वर स्थिरावते. या बिंदूभोवतीच्या लहान बदलांसाठी समीकरण रेषीय करून घेतले, की `K = 0.8` आणि `T = 80` सेकंद मिळतात. हेच गणित 64 सें.मी.वर केले, तर `K = 1.6` आणि `T = 160` येतात. टाकी तीच, व्हॉल्व्ह तोच आणि ट्रान्सफर फंक्शने मात्र दोन.

आता 16 सें.मी.चे ट्रान्सफर फंक्शन कुठवर साथ देते, ते पाहू. प्रवाह 40 वरून 44 केला, तर ते 19.2 सें.मी. सांगते आणि खरी पातळी 19.36 होते, कोणाचीही तक्रार नसावी. प्रवाह 80 केला, तर ते 48 सांगते, पण खरी पातळी 64 होते. प्रवाह 10 पर्यंत उतरवला, तर खरी पातळी 1 सें.मी. असते आणि ट्रान्सफर फंक्शन उणे 8 सें.मी. दाखवते. म्हणजे इनपुट किती बदलले यावर आउटपुट आणि इनपुट यांचे गुणोत्तर अवलंबून राहू लागले. ट्रान्सफर फंक्शनच्या व्याख्येला नेमके हेच चालत नाही, कारण ते गुणोत्तर केवळ `s` चे फलन असावे आणि इनपुट कोणतेही दिले तरी तेच राहावे, एवढेच ती व्याख्या मागते.

ही मागणी कुठून येते, हे लाप्लास रूपांतराकडे पाहिल्यावर उलगडते. एखादी प्रणाली कालानुसार बदलत नसेल, तर इनपुट `L` सेकंद उशिरा दिल्यावर आउटपुटही तेवढेच उशिरा यायला हवे. `e^(st)` या इनपुटचे वैशिष्ट्य असे, की ते उशिरा देणे म्हणजे त्याला `e^(-sL)` या स्थिरांकाने गुणणे. प्रणाली रेषीय असेल, तर तोच गुणक आउटपुटलाही लागतो. या दोन्ही अटी एकदम पाळणारे आउटपुट पुन्हा `e^(st)` च्याच आकाराचे असावे लागते, फक्त एका संख्येने गुणलेले. ती संख्या म्हणजेच `G(s)`. रेषीयता काढली तर काय होते, ते आपल्या वर्गमुळातच दिसते: `e^(st)` चे वर्गमूळ `e^(st/2)`, म्हणजे `s` बदलला आणि आकार टिकला नाही. कालस्थिरता काढली तरी तेच होते. समीकरणात `t·x(t)` सारखे पद आले, की त्याचे रूपांतर `-dX/ds` होते. मग `s` मध्येही विकलक समीकरणच हाती उरते आणि `Y` भागिले `U` अशी एक ठाम राशी निघत नाही.

लाप्लास रूपांतर यात दोन गोष्टी देते. पहिली म्हणजे, सामान्य इनपुटला अशा घातांकी तुकड्यांची बेरीज मानता येते आणि प्रत्येक तुकड्यावर `G(s)` लावला, की कालक्षेत्रातील कॉन्व्होल्यूशनचे साधे गुणन होते. यात फुरिए रूपांतर पुरत नाही. खालचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून प्रवाह चालू ठेवला, तर पातळी एकसारखी चढत जाते आणि त्या चढत्या रेषेचे फुरिए संकलन सांत राहत नाही; लाप्लासमधील `s` च्या धन वास्तव भागामुळे तेच संकलन आवरले जाते आणि `1/(100s)` हे उत्तर निर्धोकपणे वापरता येते. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. विकलनाचे रूपांतर `sY - y(0)` असे होते, म्हणजे सुरुवातीची पातळी लाप्लास रूपांतर विसरत नाही. आपल्या टाकीसाठी, पातळीतील बदलाला `Y` आणि प्रवाहातील बदलाला `U` म्हटले, तर संपूर्ण उत्तर असे आहे:

```
Y = K/(Ts+1) · U  +  T/(Ts+1) · y(0)
```

ट्रान्सफर फंक्शन म्हणजे यातील फक्त पहिले पद. दुसरे पद आपण `y(0) = 0` धरून स्वतःच्या हाताने काढून टाकतो. त्यामुळे ट्रान्सफर फंक्शनच्या मर्यादांचा दोष लाप्लास रूपांतराला देणे मला योग्य वाटत नाही.

माझा निर्णय ज्या एका त्रासामुळे झाला, तो याच काढून टाकलेल्या पदाशी जोडलेला आहे. टाकीची पातळी मोठ्या टप्प्यात बदलणार होती, म्हणून मी एक तडजोड केली. पातळी 36 सें.मी.च्या खाली असेल तर `K = 0.8` आणि `T = 80`, वर गेली की `K = 1.6` आणि `T = 160`, असा दोन ओळींचा तक्ता ट्रान्सफर फंक्शनच्या ब्लॉकला जोडला. आधी `1/(Ts+1)` आणि त्यानंतर `K` अशी मांडणी होती. प्रवाह 40 वरून 80 केला. आलेख सुमारे 78 सेकंद नीट चढत गेला, पातळी 36 सें.मी.ला पोहोचली आणि त्याच क्षणी रेघ सरळ उभी होऊन 56 सें.मी.वर गेली. वीस सें.मी. म्हणजे या टाकीत दोन लिटर पाणी होते आणि ते एका क्षणात कुठूनही न येता जमा झाले होते.

कारण शोधण्यात माझा बराच वेळ गेला, कारण दोन्ही ट्रान्सफर फंक्शने स्वतंत्रपणे तपासली तर बरोबरच होती. शेवटी एका सहकाऱ्याने सुचवले म्हणून मी `K` चा ब्लॉक उचलून `1/(Ts+1)` च्या आधी ठेवला आणि उडी नाहीशी झाली. त्या क्षणी माझे समाधान झाले नाही, उलट अस्वस्थता वाढली. रेषीय आणि कालस्थिर प्रणालीत दोन ब्लॉकांची अदलाबदल केल्याने काहीही बदलत नाही, कारण तो केवळ गुणाकाराचा क्रम असतो. इथे क्रम बदलल्याने उत्तर बदलले होते, म्हणजे माझ्याजवळ आता ट्रान्सफर फंक्शन उरलेच नव्हते. फक्त त्याच्यासारखे दिसणारे चिन्ह होते. पहिल्या मांडणीत ब्लॉकच्या आत साठलेली राशी 25 होती आणि `K` दुप्पट होताच बाहेरची 20 सें.मी.ची वाढ 40 झाली. दुसऱ्या मांडणीत साठलेली राशी म्हणजे स्वतः पातळीतली वाढच होती, म्हणून ती उडी मारू शकली नाही. कोणती राशी साठवायची, हे ट्रान्सफर फंक्शन सांगतच नाही, आणि गुणांक स्थिर असतात तोवर ते सांगण्याची गरजही पडत नाही. शिवाय दोन्ही मांडण्या अखेरीस 80 सें.मी.वर जाऊन थांबल्या, खरे उत्तर 64 असताना. कारण तक्त्याची ओळ बदलली तरी बदल मोजण्याचा मूळ बिंदू 16 सें.मी.वरच राहिला होता.

अवस्था समीकरणात हा प्रश्न उभाच राहत नाही. त्यात `h` ही खऱ्या पाण्याची उंची आहे, ती साठते आणि समीकरण तिचाच बदल सांगते. सुरुवातीची पातळी हा तिथे सरळ पहिला आकडा असतो. वर्गमूळ ठेवता येते, टाकी काठोकाठ भरली तर ती अटही ठेवता येते.

तरीही ट्रान्सफर फंक्शनच्या बाजूने बोलणे भाग आहे. लांब पाइपमुळे प्रवाह दहा सेकंद उशिरा पोहोचत असेल, तर `e^(-10s)` एवढे लिहून भागते. अवस्था समीकरणात तोच विलंब अचूक मांडायला सांत संख्येच्या अवस्था पुरत नाहीत. नियंत्रक जुळवताना स्थैर्याची सीमा किती उरली आहे, हे बोडे आलेखावरून जितके झटकन कळते, तितके अवस्था समीकरणावरून मला आजही कळत नाही. आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. आपल्या टाकीत `K` आणि `T` दोन्ही पातळीनुसार बदलतात, पण `K/T` सगळीकडे 0.01 च राहतो, कारण तो केवळ क्षेत्रफळाचा व्यस्तांक आहे. नियंत्रक पुरेसा वेगवान असेल, तर नियंत्रक आणि टाकी मिळून दिलेल्या प्रतिसादाचा वेग मुख्यतः याच गुणोत्तरावर ठरतो. त्यामुळे 16 सें.मी.वर जुळवलेला नियंत्रक 64 सें.मी.वरही बहुधा नीट चालतो. पातळी एकाच जागी धरून ठेवायची असेल, तर ट्रान्सफर फंक्शन सोडण्याचे कारण मला दिसत नाही.

पण पातळी हलणार असेल, टाकी रिकामी करून पुन्हा भरायची असेल किंवा सुरुवात स्थिर बिंदूपासून होणार नसेल, तर मी अवस्था समीकरण आधी लिहितो आणि ट्रान्सफर फंक्शन त्यातून, त्या-त्या पातळीवर, गरजेपुरते काढतो. ते कोणत्या `h` वर काढले, हे त्याच्या शेजारी लिहून ठेवतो.

समीकरण हाती नसेल आणि फक्त स्टेप चाचणी घेणे शक्य असेल, तर एकच चाचणी घेऊ नये. प्रवाह जेवढा वाढवला, तेवढाच कमी करूनही पाहावा. आपल्या टाकीत 40 वरून 44 केल्यावर पातळी 3.36 सें.मी. चढते, तर 36 केल्यावर 3.04 उतरते. दोघांची सरासरी 3.2 येते आणि त्यातून `K = 0.8` बरोबर मिळतो. बदल दुप्पट करून 48 आणि 32 घेतले, तर चढ 7.04 आणि उतार 5.76 होतो. सरासरी 6.4 म्हणजे अजूनही तोच `K` सांगते, पण चढ-उतारातील अंतर 0.32 वरून 1.28 वर गेलेले असते. त्या अंतरापैकी किती आपल्याला चालेल, ते ठरवले, की ट्रान्सफर फंक्शन प्रवाहाच्या किती बदलापर्यंत वापरायचे, तेही ठरते.