दुकानदाराला पत्र लिहिताना: नवा लोगो जोडावा, की जुनीच अक्षरं नीट करून द्यावीत?

स्टेशनरीच्या दुकानाचं रूप थोडं सुधारून द्यावं असं मनात आलं आणि मालकांना पत्र लिहायला बसलं, की पहिल्याच परिच्छेदाशी दोन वाटा फुटतात. एका पत्रासोबत तुम्ही नवा कोरा लोगो, रंग आणि बोर्डाचं चित्र असं सगळं तयार करून देता. दुसऱ्या पत्रात नवं चिन्ह नसतंच. दुकानाच्या बोर्डावर आधीपासून असलेली अक्षरं स्वच्छ उतरवून घ्यायची आणि तीच बिलबुक, पिशवी, शिक्का अशी सगळीकडे वापरायची, एवढंच त्यात सुचवलेलं असतं. कॉलेजात असताना मी दोन्ही मसुदे तयार केले होते. पाठवला दुसरा. तुमचं दुकान आणि तिथले मालक काका वेगळे असतील, त्यामुळे माझा कल फक्त कल म्हणून घ्या.

पहिल्या पत्राची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. समोर चित्र असलं की मालकांना कल्पना करत बसावं लागत नाही. तुमचा हात कसा आहे हे त्यांना एका नजरेत कळतं. बोर्डावर जपण्यासारखं काही नसेल, म्हणजे फ्लेक्सवाल्याने संगणकातला हाताशी आलेला फॉन्ट टाकून दिला असेल, किंवा बोर्ड मुळात एखाद्या पेन कंपनीच्या जाहिरातीचा असून दुकानाचं नाव खाली कोपऱ्यात असेल, तर हीच वाट धरावी. दुकानाचं नाव बदलत असेल किंवा पुढची पिढी गल्ल्यावर बसत असेल, तरीही.

माझं मन फिरलं ते शिक्क्यामुळे. पहिल्या मसुद्यात मी वहीचं दुमडलेलं पान आणि त्यावर पेनचं निब असं चिन्ह काढलं होतं. निळ्यातून हिरव्यात जाणारी छटा आणि त्याखाली सडपातळ अक्षरांत नाव. पडद्यावर ते फार देखणं दिसत होतं. पत्र देण्याआधी मी ते शिक्का बनवणाऱ्याकडे नेलं, कारण अशा दुकानात सगळ्यात जास्त वेळा उमटतो तो शिक्काच. बिलावर, पावतीवर, शाळेच्या मोठ्या ऑर्डरच्या कागदावर तोच असतो. नेहमीचा छोटा शिक्का साधारण ३८ मिलिमीटर रुंद आणि १४ मिलिमीटर उंच. त्यात नाव, पत्ता आणि फोन बसवायचा म्हटलं की नावाच्या वाट्याला जेमतेम पाच मिलिमीटर उंची येते. रबराला छटा कळत नाही, तिथे शाई लागते किंवा लागत नाही. छटा काढून टाकल्यावर पान आणि निब यांचा एकच काळा ठिपका झाला. निबमधली फट बुजली. ‘क’चं पोट शाईने भरलं आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटला. पाव मिलिमीटरच्या आसपासची रेषा रबरात भरवशाची नसते, आणि माझी निम्मी रेखाटणी तेवढ्याच जाडीची होती.

चिन्ह जाड करून पुन्हा काढता आलं असतं, हे खरं आहे. पण मग माझ्या लक्षात आलं की बोर्डावरची पेंटरच्या हातची अक्षरं ही परीक्षा आधीच पास झालेली आहेत. ती ब्रशने, एका रंगात, लांबून वाचता यावीत अशी काढलेली असतात. जाडी भरपूर, अक्षरांच्या पोटात मोकळी जागा भरपूर. तीच अक्षरं शिक्क्यात घातली तर स्वच्छ उमटली.

तुमच्याकडे शिक्का करून बघायची सोय नसेल, तर नाव शुद्ध काळ्या रंगात दोन सेंटिमीटर रुंदीचं छापा, त्याची झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. अनुस्वार सुटा दिसला आणि अक्षरांची पोटं उघडी राहिली, तर पुढे जायला हरकत नाही.

बोर्डावरची अक्षरं उतरवताना फोटो बोर्डाखाली उभं राहून काढू नये, अक्षरांचे पाय मोठे आणि माथे लहान येतात. समोरच्या बाजूला लांब जाऊन झूम करून काढावा. मग इंकस्केपसारख्या फुकट प्रोग्राममध्ये ती हाताने गिरवावीत. आपोआप गिरवायची सोय असते, पण ती रंगाचे पोपडेसुद्धा इमानाने उतरवते. पत्ता आणि फोनसाठी मुक्ता हा फॉन्ट मला सोयीचा वाटला. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही त्यात आहेत आणि परवाना खुला असल्यामुळे मालकांवर खर्च पडत नाही.

दुसरा फरक कपाटात असतो. छापलेली बिलबुकं आणि पिशव्यांचे गठ्ठे तिथे पडून असतात. नवा लोगो ज्या दिवशी बोर्डावर चढतो, त्या दिवशी हे सगळं जुनं होतं. मालकांना पत्र वाचताना आधी तोच गठ्ठा दिसतो, तुमचं चित्र नंतर. अक्षरं तीच राहणार असतील तर घाई उरत नाही. आधी शिक्का, बिलबुक संपेल तेव्हा बिलबुक, पिशव्या संपतील तेव्हा पिशव्या आणि बोर्ड सगळ्यात शेवटी, रंगवायला येईल तेव्हा. माझ्या पत्राचा गाभा म्हणून एवढाच होता:

‘काका, सप्रेम नमस्कार. तुमच्या बोर्डावरची पेंटरच्या हातची अक्षरं मला फार आवडतात. बिलावर आणि पिशवीवर मात्र दुकानाचं नाव वेगळ्या अक्षरांत, वेगळ्या रंगांत आहे. बोर्डावर “स्टेशनर्स” आहे, बिलावर “बुक डेपो”. बोर्डावरचीच अक्षरं एका रंगात, शिक्क्यापासून बोर्डापर्यंत सगळीकडे चालतील अशी मी करून देईन. नाव बदलायचं नाही आणि छापून ठेवलेलं काही टाकायचं नाही. “स्टेशनर्स” ठेवायचं की “बुक डेपो”, एवढं मात्र तुम्हीच सांगायचं. नमुना म्हणून शिक्क्याचा ठसा सोबत जोडला आहे. पसंत पडला तर पुढचं बोलू.’

पत्र एका पानात संपलं. मोबदल्याचं एक वाक्य त्यात घाला, फुकट करणार असाल तरीही. नाहीतर मालक संकोचाने गप्प राहतात. फाइल कुणाची तेही लिहा. मी मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही त्यांच्याकडे देईन असं लिहिलं होतं, म्हणजे मी गाव सोडलं तरी छापखान्याचं अडू नये. पहिल्या प्रकारच्या पत्रात हा प्रश्न जास्त बोचतो. छापील चित्राचा मोबाइलवर फोटो काढून कुणीतरी तो थेट फ्लेक्सवाल्याला देतो आणि मग तो धूसर लोगो वर्षानुवर्षं लटकत राहतो.

कागदाचंही बघा. हे पत्र वाचणारा माणूस दिवसभर कागद विकतो. पातळ कागदावर पलीकडची शाई दिसली तर ती त्याच्या नजरेतून सुटत नाही. मी साधा पण जरा जाड पांढरा कागद घेतला, त्यांच्याच दुकानातून.

शाळा सुरू होण्याच्या दिवसांत पत्र देऊ नका. वह्यांच्या गर्दीत ते गल्ल्याखाली जाईल. गर्दी ओसरली आणि नव्या बिलबुकाची ऑर्डर जायची असली, की त्याच्या थोडं आधी द्या.