नवरात्राचा घट : भिंतीवरच्या देव्हाऱ्यात की खाली चौरंगावर?

आमच्या घराण्यात घट दोन ठिकाणी बसतो. माझ्याकडे, सोलापुरात विजापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, आणि मोठ्या जाऊबाईंकडे, जुन्या घरात. दोघींची सामग्री तीच, कुलाचार तोच. पण तिसऱ्या माळेला माझ्याकडे पाहिलं की देवी शोधावी लागायची आणि त्यांच्याकडे सातव्या माळेलाही सगळं नीट दिसायचं. बरीच वर्षं मी हे त्यांच्या मोठ्या घराच्या खात्यावर टाकत होते. खरा फरक जागेच्या आकाराचा नव्हताच, तो घट कुठे बसवला याचा होता.

माझा देव्हारा भिंतीवरचा, आतून दोन फूट रुंद, एक फूट खोल आणि पंधरा इंच उंच. एरवी पाच टाक, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा एवढ्यांना ऐसपैस. आता घट मोजू. पत्रावळीवर दोन इंच माती, त्यावर सहा इंचांचा मातीचा घट, वर विड्याची पानं आणि नारळ मिळून आणखी सहा. झाले चौदा इंच. डोक्यावर उरला एक इंच, त्यातच माळ सोडायची, आणि धान्य तर दसऱ्यापर्यंत वीतभर वाढतं. शेजारी दिवा ठेवला तर ज्योत थेट फळीला. एका वर्षी असाच ठेवला होता. चौथ्या दिवशी वरच्या सनमायकाला फुगा आला आणि त्याच्याभोवती काजळीचा गोल. तो अजून आहे.

जाऊबाई घट खाली, अठरा इंचांच्या चौरंगावर बसवतात. मागे कोरी भिंत, वर मोकळी हवा. देव देव्हाऱ्यातच राहतात, फक्त देवीचा टाक घटापाशी येतो. मला आधी ते अर्धवट वाटायचं. पण घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही, म्हणजे जे हलणार नाही ते वेगळ्या जागी आणि जे रोज पुसायचं ते वेगळ्या जागी, हा हिशेब त्यांनी आपोआप साधलाय. म्हणून ठरवण्याआधी टेप घ्या. देव्हाऱ्याची आतली उंची चोवीस इंचांच्या आत असेल तर घट त्यात बसवू नका, असं माझं स्पष्ट मत.

चौरंगाचे तोटे नाहीत असं नाही. फरशी पुसताना पाणी लागतं, मुंग्या धान्याकडे येतात, रांगतं मूल असेल तर नऊ दिवस डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. घरात मांजर असेल तर मी खालचा घट सुचवणारच नाही. अशा घरांनी देव्हारा सोडून कमरेएवढ्या उंचीचं एखादं जड टेबल भिंतीला लावावं.

आता कापड. बाजारात नवरात्राआधी तीन प्रकार समोर येतात: खण, साधं सुती, आणि साटीन किंवा नेट. साटीनचा तुकडा स्वस्त पडतो आणि दुकानातल्या दिव्यांत झगमगतो, पण घटाखाली ते सर्वांत वाईट. घसरतं, चुण्या पडतात, तेलाचा डाग काही केल्या जात नाही. आणि आग लागली तर सुती कापड जळतं, साटीन आणि नेट मात्र वितळून चिकटतं. मीच एकदा मागे नेटचा पडदा लावला होता. पंखा चालू, पडदा हलला आणि कडेला तळहाताएवढं भोक. नशीब, मी समोरच बसले होते.

खण सुंदर दिसतो यात वादच नाही, आणि आपल्याकडे कर्नाटकातून येणारा माल असल्यामुळे निवडही भरपूर. पण घट मातीचा असतो आणि तो पाझरतो. पाझरायलाच हवा, त्यावरच तर धान्य उगवतं. ती ओल पत्रावळीतून कापडात उतरते, आणि कच्च्या रंगाचा लाल खण चौरंगाचं लाकूड कायमचं गुलाबी करतो. घ्यायच्या आधी पांढरा रुमाल ओला करून खणाच्या कोपऱ्यावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर तो खण देवीच्या ओटीला ठेवा, घटाखाली नको.

जाऊबाईंची पद्धत अशी: चौरंगावर आधी जुना पण स्वच्छ सोलापुरी टॉवेल घडी करून, तो ओल पितो. त्यावर एकरंगी सुती कापड, पुढून फक्त चार बोटं खाली लोंबणारं, बाकी तिन्ही बाजू आत दुमडलेल्या. त्यावर काठ असलेलं पितळी ताट आणि ताटात पत्रावळ. ताट असल्यामुळे पाणी कापडापर्यंत पोचतच नाही, टॉवेल हा केवळ दुसरा बंदोबस्त. खण त्या मागे लावतात, भिंतीवर, दोन खिळ्यांना ताणून, तोही एकच. चादरीच्या गावात राहून सांगते, नवी कोरी चादर मागे टांगायचा मोह आवरा. तिच्या मोठ्या नक्षीपुढे चार इंचांचा टाक दिसेनासा होतो.

नऊ दिवसांचे नऊ रंग पाळणाऱ्यांची अडचण इथेच असते. घट हलवायचा नाही आणि खालचं कापड तर रोज बदलायचं, हे जमणार कसं? मग लोक आधीच्यावर नवं टाकतात आणि पाचव्या दिवशी गादी होते. सुनबाईने यावर सोपा उपाय काढला. खालचं कापड नऊ दिवस एकच, पांढरट. रंगाचा फक्त एक ब्लाउजपीस, वीतभर रुंद घडी करून चौरंगाच्या पुढच्या काठावर. सकाळी काढायचा, दुसरा घालायचा. घटाला हात लागत नाही.

दिव्याच्या बाबतीत मात्र मी जाऊबाईंशी सहमत नाही. त्या उघडी समई लावतात, पाच वातींची. दिसते भरजरी, पण नवरात्र येतं ते बहुधा ऑक्टोबर हीटच्या तोंडावर, आणि सोलापुरात तेव्हा पंखा बंद ठेवून बसणं शक्य नाही. वाऱ्यात ज्योत आडवी होते, तेल अर्धवट जळतं, काजळी धरते आणि भिंत काळी. शिवाय तेल वातीवरून चढून समईच्या ओठाशी येतं आणि थेंब थेंब खाली पडतं. म्हणून समई कुठेही ठेवा, तिच्याखाली ताटली हवीच.

अखंड दिव्यासाठी मी काचेची चिमणी असलेला पितळी दिवा वापरते. एकच बारीक वात, शेंगदाण्याचं तेल. माझ्याकडे ५० मिली तेल रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत जळून थोडं उरतं, म्हणजे तासाला साधारण ५ ते ६ मिली. नऊ दिवसांचे २१६ तास. तेराशे मिली तेल आधीच आणून ठेवलं की झालं. वात जाड केली की हा हिशेब सहज दुप्पट होतो, म्हणून घटस्थापनेच्या आधी एक रात्र तुमच्या दिव्यात, तुमच्या वातीने जाळून बघा.

वातीच्या टोकाला दिवसाआड काळी गाठ धरते, आम्ही तिला काजळीचं फूल म्हणतो. ज्योत पिवळी-लाल होऊन उंच नाचायला लागली की समजायचं गाठ झाली. ती नुसती चिमटीने उडवायला गेलं तर दिवा जातो, आणि मग सासूबाईंचा चेहरा बघावा लागतो. आधी निरांजन त्याच ज्योतीवरून लावून घ्यायचं, ते शेजारी तेवत ठेवायचं, मग चिमट्याने गाठ काढून वात तांदळाच्या दाण्याएवढी पुढे सारायची. विझलीच तर निरांजनावरून पुन्हा. चिमणीची काच गरम असते, फडक्याने धरा, आणि ओल्या फडक्याने तर मुळीच नको, तडकते.

उघडी समई लावायचीच असेल तर ती आरतीपुरती, सकाळ-संध्याकाळ. बाकी वेळ एकच अखंड दिवा. तो मागच्या खणापासून वीतभर तरी दूर आणि माळेच्या सरळ खाली नको. विजेच्या माळा मी चौरंगापाशी आणतच नाही. त्यांची वायर झाकायला आणखी कापड लागतं आणि पसारा तिथूनच सुरू होतो.

सर्वांत जास्त गर्दी करतात ती फुलं, कारण ती रोज वाढतात. रोज एक माळ घटावर सोडायची आणि जुनी काढायची नाही, हा पुष्कळ घरांचा रिवाज. माझ्या देव्हाऱ्यात नऊ माळा म्हणजे हिरवा-पिवळा पडदाच व्हायचा. चौरंगावर वर एक आडवी दोरी बांधता येते, त्यामुळे माळा मागेपुढे न होता शेजारी-शेजारी उतरतात. पण माळ एकपदरी आणि छोटी हवी. पाव किलो झेंडूत मध्यम आकाराची पस्तीस-चाळीस फुलं येतात. नऊ फुलांची माळ केली तर तीन-चार दिवसांच्या माळा त्यातच. काही घरांत विड्याच्या पानांची, काहींत कारळ्याच्या फुलांची माळ असते, ती हलकी, तिचा त्रास कमी.

फुलांपैकी गुलाबाच्या पाकळ्या दुसऱ्याच दिवशी गळतात, निशिगंधाचा वास बंद खोलीत रात्री डोकं धरतो. झेंडू आणि शेवंती तीन दिवस बरे राहतात. आणलेली फुलं प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवली की आत पाणी सुटून देठाशी कुजतात. ओल्या पंच्यात सैल गुंडाळून ठेवायची. खंडेनवमीला दर चढतो, म्हणून अष्टमीलाच घ्यावीत.

सुटी फुलं घटाच्या मातीवर वाहिली तर ती कुजतात आणि त्यांच्याबरोबर धान्यालाही पांढरी बुरशी धरते. आंबट वास आला की समजा पाणी जास्त झालंय. तसं झालं तर एक दिवस शिंपडू नका, घटाचा पाझर पुरतो. फुलांसाठी वेगळी ताटली ठेवा. पूर्व भागातल्या तेलुगू मैत्रिणीकडे याच दिवसांत बतुकम्मा रचतात ना, तिथून हे मी उचललं. ती ताटात थरावर थर लावते, फुलांचं तोंड बाहेर, देठ आत. तेवढी उंच रास मी करत नाही, पण ताटलीत एकच गोल कडं लावलं की पाच-सहा फुलांतही भरलेलं दिसतं आणि सकाळी ताटलीच उचलून निर्माल्यात रिकामी करता येते.

तर ज्यांच्या देव्हाऱ्याची उंची दोन फुटांहून कमी आणि घरात खोडकर कुणी नाही, त्यांनी चौरंग, सुती कापड, काचेचा दिवा. ज्यांच्याकडे जागा उंच आणि भिंतीवरच हवं, त्यांनी घट जरूर वर बसवावा, पण दिवा खाली उतरवावा.

मी गेल्या वर्षी घट खाली आणला. जाऊबाई अष्टमीला आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "समई कुठाय गं?" मी चिमणीकडे बोट दाखवलं. "हं," एवढंच म्हणून त्यांनी पिशवीतून आपली समई काढली आणि आरतीपुरती चौरंगाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली, ताटलीसकट.