२४० वॅटची लांब केबल की १० जीबीपीएसची आखूड?

यूएसबी-सी केबलच्या खोक्यावर दोन आकडे असतात, एक विजेचा, वॅटमध्ये, आणि एक डेटाच्या वेगाचा, जीबीपीएसमध्ये. एक आकडा मोठा म्हणजे दुसराही मोठाच असणार, असं आपण धरून चालतो. तसं काही नाही. बऱ्याचदा तर उलटंच असतं, म्हणून २४० वॅटची केबल समोर आली की मी आधी तिचा डेटाचा आकडा शोधतो.

सध्या बॅगेत ठेवायला एकच केबल घ्यायची झाली, तर निवड साधारण दोघींत होते. पहिली २ मीटर लांब, कापडी वेष्टनाची, २४० वॅट आणि ४८० एमबीपीएस. दुसरी १ मीटरची, जराशी जाड, १०० वॅट आणि १० जीबीपीएस. मी दोन्ही वापरल्या आहेत. लॅपटॉप ६५ वॅटचा, सोबत एक पोर्टेबल एसएसडी आणि घरी सी पोर्टवाला मॉनिटर, असा माझा संसार आहे. तुमचा वेगळा असेल तर निकालही वेगळा लागू शकतो.

आधी वॅटचं बघू. हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: वीज नेणारी तार किती जाड आहे आणि केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप आहे का. चार्जर त्या चिपला विचारतो, ‘तुला किती झेपेल?’ चिप नसेल, तर तो ३ अँपिअरच्या वर जात नाही. २० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट. चिपने ५ अँपिअर सांगितले की त्याच २० व्होल्टवर १०० वॅट होतात. २४० वॅट म्हणजे ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर, जे २०२१ साली आलेल्या पीडी ३.१ या विजेच्या नियमामुळे शक्य झालं. नवं प्रमाणपत्र आता ६० किंवा २४० वॅटलाच मिळतं. १०० वॅटच्या केबल त्याआधीच्या पिढीतल्या, पण १०० वॅटपर्यंत त्या आजही बिनतक्रार चालतात.

माझ्या ६५ वॅटच्या लॅपटॉपला २४० वॅटची केबल लावून काय फरक पडतो? काहीच नाही. केबल वीज ढकलत नाही. किती घ्यायची ते लॅपटॉप आणि चार्जर आपसांत ठरवतात, केबल फक्त वरची मर्यादा सांगते. फार काय, ६० वॅटची साधी केबल लावली तरी ६५ ऐवजी ६० वॅट मिळतात, आणि तो फरक मला तरी कधी जाणवला नाही. मोठा गेमिंग लॅपटॉप सी पोर्टवर चालवणाऱ्यांचं गणित वेगळं.

डेटाचं प्रकरण निराळं आहे, कारण तिथे तारेची जाडी नव्हे तर तारांची संख्या मोजली जाते. ४८० एमबीपीएसला एक जोडी पुरते. त्यापुढच्या वेगासाठी जास्तीच्या जोड्या लागतात, आणि चार्जिंगच्या केबलमध्ये त्या घातलेल्याच नसतात. म्हणूनच ती मऊ असते, लांब असते आणि स्वस्तही पडते. हे फक्त स्वस्त मालातच घडतं असं समजू नका. अ‍ॅपलची २४० वॅटची २ मीटरची चार्ज केबलसुद्धा डेटाला यूएसबी २ च्याच वेगाची आहे. निदान नावात ‘चार्ज’ लिहून त्यांनी सांगून तरी ठेवलंय.

४८० मेगाबिट भागिले ८ म्हणजे कागदावर सेकंदाला ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात मला ४० च्या आसपास मिळतात. घरच्या लग्नाचं ६४ जीबी शूटिंग एसएसडीवर टाकायचं, तर जवळपास अर्धा तास गेला. १० जीबीपीएसच्या केबलवर तेच काम चहाचं आधण ठेवेपर्यंत उरकतं, अर्थात पोर्ट आणि एसएसडी दोन्ही त्या वेगाचे असतील तर.

तरीही नुसता वेळ गेला म्हणून मी पारडं फिरवलं नसतं. मला खटकलं ते हे, की चुकीची केबल लावली तरी कुणी काही बोलत नाही. एसएसडी दिसते, फाइल उघडते, कॉपी सुरू होते. सगळं ठीक, फक्त रांगत. मग आपण संशय घेतो एसएसडीवर, पोर्टवर, नाहीतर विंडोजवर. मॉनिटरलाही ही केबल लावा: लॅपटॉप चार्ज होत राहतो आणि पडदा काळाच. सी मधून चित्र जातं ते त्याच जास्तीच्या जोड्यांवरून, आणि इथे त्या नाहीतच. आता २४० वॅट लिहिलेल्या केबलवर कोण शंका घेणार? उलट, वॅट कमी पडले तर लॅपटॉप सावकाश चार्ज होतो, आणि ते बॅटरीच्या आकड्यावरून पटकन ध्यानात येतं.

संशय आलाच तर लिनक्सवर एसएसडी जोडून एवढं चालवावं:

```
lsusb -t
```

एसएसडीच्या ओळीच्या शेवटी `480M` दिसलं तर केबल बदलून बघा. त्याच पोर्टवर दुसऱ्या केबलने `10000M` आलं, तर दोष पहिलीतच होता. मॅकवर System Information मध्ये USB खाली हा वेग दिसतो आणि Power खाली चार्जरचे वॅट. यातलं काही करायचं नसेल, तर मोठी फाइल कॉपी करताना वेग ४० च्या घरात अडकून बसलाय का, एवढं बघितलं तरी पुरतं.

दुकानात खोकं हातात घेतल्यावर मी आधी ‘जीबीपीएस’ शोधतो. तो शब्दच नसेल, तर ४८० एमबीपीएस धरून चालतो. मागे बारीक अक्षरांत बहुतेक तेच निघतं. ‘फास्ट चार्जिंग’, ‘सुपर चार्ज’, ‘५ ए’ हे सगळं विजेबद्दल असतं. सगळ्यात फसवा आकडा ३.१. ‘पीडी ३.१’ हा विजेचा नियम, ‘यूएसबी ३.१’ हा डेटाचा, आणि खोक्यावर दोन्ही सारख्याच ठसठशीत अक्षरांत छापतात. ३.१ च्या आधी काय लिहिलंय ते नीट वाचावं. अधिकृत प्रमाणित केबलच्या नव्या चिन्हात मात्र दोन्ही आकडे सरळ लिहिलेले असतात, जसं ४० जीबीपीएस आणि २४० वॅट. केबलच्या टोकावरच हे छापलेलं असेल, तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण खोकं त्याच दिवशी रद्दीत जातं.

दोन्ही आकडे मोठे असलेली तिसरी केबलही मिळते. ४० जीबीपीएसची साधी केबल मात्र बहुधा ८० सेंटिमीटरच्या आसपास असते. त्याहून लांब हवी तर किंमत चढते, शिवाय ती ताठ असते. पोर्टेबल एसएसडीला लावली की छोटी एसएसडीच टेबलावरून उचलली जाते.

पलंगावर पडून फोन चार्ज करणं एवढंच काम असेल, तर २ मीटरवाली खरंच सुखाची आहे, मी काही तिच्या विरोधात नाही. आमच्याकडे ती पलंगामागच्या सॉकेटला कायमची लावून ठेवली आहे. बॅगेत मात्र १ मीटरची १० जीबीपीएसवाली असते. तिची लांबी कधीकधी कमी पडते, विशेषतः स्टेशनवरच्या उंच सॉकेटला, पण कमी पडली की ते डोळ्यांना दिसतं.