व्हिडिओत कोरलेली सबटायटल्स झाकताना आलेखाचा अक्ष कसा वाचवायचा: एफएफएमपेगचा दिवाळीपासूनचा अनुभव

सबटायटल्स पुसून देण्याचा दावा करणाऱ्या एका सशुल्क सॉफ्टवेअरची मुदत दिवाळीच्या आधी संपली. नूतनीकरणाचे पैसे भरूनही प्रत्येक तयार व्हिडिओच्या कोपऱ्यात त्यांचेच नाव उमटत राहिले. तक्रारीला उत्तर म्हणून तेच ते छापील पत्र ईमेलने येत राहिले, आणि शेवटी पैसे गेले ते गेलेच. त्या रागातून मी एफएफएमपेग या आज्ञा टाइप करून चालवायच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरकडे वळलो. ते फुकट आहे, आणि फुकटच्या वस्तूकडे खानदेशातला माणूस आधी संशयाने पाहतो, त्यामुळे हा अभिप्राय लिहिण्यापूर्वी मी ते उन्हाळ्यापर्यंत भरपूर वापरले आहे.

मी अमळनेर तालुक्यात बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. खुल्या परवान्याने मिळणारी व्याख्याने उतरवून घेऊन ती वर्गात प्रोजेक्टरवर दाखवतो. अशा अनेक व्याख्यानांत इंग्रजी सबटायटल्स चित्रातच कोरलेली असतात. व्हीएलसीच्या सबटायटल मेनूत बंद करण्यासारखा ट्रॅकच दिसला नाही, तर ती अक्षरे चित्राचाच भाग आहेत हे ओळखावे. मुलांची नजर त्या ओळींना चिकटते आणि फळ्यावरचे गणित सुटते, ही एक अडचण. त्याहून मोठी अडचण अशी की, नेमके पाहण्यासारखे काही त्या ओळींखालीच दबलेले असते.

फोटोइलेक्ट्रिक परिणामाच्या व्याख्यानाचे उदाहरण घेतो, कारण बाकी सगळे त्यातच आले. स्लाइडवर स्टॉपिंग पोटेन्शियल आणि फ्रिक्वेन्सी यांचा आलेख आहे. तिरकी रेषा खालच्या अक्षाला जिथे छेदते ती थ्रेशोल्ड फ्रिक्वेन्सी, आणि तिची खूण बरोबर सबटायटलच्या दुसऱ्या ओळीखाली आहे. पहिल्यांदा दाखवले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, खाले काय लिखेल शे ते दखातच नही!" पोराचे म्हणणे खरेच होते.

सर्वांत सोपा उपाय व्हीएलसीतच आहे. `Tools > Effects and Filters > Video Effects > Crop` येथे `Bottom` समोर आकडा भरला की खालची पट्टी दिसेनाशी होते आणि मूळ फाइलला धक्काही लागत नाही. आकडा अंदाजाने भरू नये. जिथे सबटायटल दोन ओळींचे आहे तिथे व्हिडिओ थांबवून `Shift+S` दाबावे, मिळालेले चित्र पेंटमध्ये उघडावे आणि वरच्या ओळीच्या माथ्यावर कर्सर नेऊन खालच्या कडेला दिसणारा उभा आकडा वाचावा. माझ्या १२८० बाय ७२० च्या व्हिडिओत थोडी मोकळीक धरून तो ६१२ आला, म्हणजे खालचे १०८ पिक्सेल काढायचे. ही उंचीच्या १५ टक्के पट्टी आहे. नुसते बोलणारे प्राध्यापक दिसत असतील तर ती खुशाल काढावी, कारण त्यांच्या कोटाची खालची गुंडी कोणाला पाहायची नसते.

मात्र कापल्यानंतर पडदा पुन्हा भरून दिसावा म्हणून चित्र मोठे करण्याच्या मोहात पडू नये. ६१२ उंचीला १६:९ चे प्रमाण राखायचे तर रुंदी १०८८ उरते, म्हणजे दोन्ही बाजूंनी ९६-९६ पिक्सेल आणखी जातात आणि डावीकडून सुरू होणाऱ्या समीकरणांची पहिली अक्षरे कापली जातात. वरखाली काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात. आमचा प्रोजेक्टर जुना ४:३ चा आहे, त्यामुळे त्या पट्ट्या तशाही असतातच.

आलेखाच्या स्लाइडला हा उपाय चालत नाही, कारण कापलेल्या पट्टीबरोबर अक्षही जातो. तिथे मी एफएफएमपेगचा `delogo` हा फिल्टर लावला आणि सुरुवातीला त्यावर बेहद्द खूश होतो. दिलेल्या चौकोनाच्या कडेचे रंग आत पसरवून तो अक्षरे बुजवतो, आणि पांढऱ्या स्लाइडवर तर तिथे कधी काही लिहिले होते यावर विश्वास बसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी सहकाऱ्यांना हाच फिल्टर सुचवत होतो. पुढे वर्गात वापरताना हे मत पूर्ण बदलले. `delogo` ला पट्टीखाली काय होते हे ठाऊक नसते, तो फक्त शेजारचा रंग ओढून आणतो. अक्षाची रेघ त्या चौकोनात असेल तर ती पुसली जाते, आणि जागा इतकी स्वच्छ दिसते की तिथे काही होते असे मुलांच्या मनातही येत नाही. त्यापेक्षा `drawbox` ने काळी पट्टी ओढलेली बरी, कारण काहीतरी झाकले आहे हे निदान दिसते. व्याख्यानाच्या बाबतीत देखणेपणापेक्षा हा प्रामाणिकपणा मला जास्त मोलाचा वाटतो.

ज्या उपायासाठी हे सगळे लिहायला बसलो तो यानंतर सापडला. व्याख्यानातली स्लाइड तीन-चार मिनिटे जागची हलत नाही, सबटायटल मात्र मध्येमध्ये क्षणभर नाहीसे होते. प्राध्यापक पाणी पितात, स्लाइडकडे वळून पाहतात, वाक्य संपवून श्वास घेतात, तेव्हा खालची पट्टी पूर्ण मोकळी असते. त्या क्षणाची पट्टी कापून घ्यायची आणि ती स्लाइड असेपर्यंत त्याच जागी ठिगळासारखी चिकटवायची. यात काहीही अंदाजाने भरलेले नसते, जे दिसते ते मूळ चित्रच असते. असा क्षण शोधण्यासाठी व्हीएलसीत `E` दाबत एकेक फ्रेम पुढे जाता येते. माझ्या व्हिडिओत तो १२ मिनिटे ४१ सेकंदांवर मिळाला.

```
ffmpeg -ss 00:12:41.2 -i vyakhyan.mp4 -an -vf "crop=1280:96:0:612" -frames:v 1 -c:v ffv1 patti.mkv
```

यात १२८० रुंद आणि ९६ उंच पट्टी ६१२ व्या ओळीपासून घेतली आहे. त्याखालचे १२ पिक्सेल सोडले, कारण अक्षरे तिथवर पोहोचत नाहीत. सगळे आकडे सम ठेवावेत. नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलना मिळून एकदाच साठवलेली असते, त्यामुळे विषम आकड्याला ठिगळ एका पिक्सेलने सरकण्याची भीती राहते.

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -i patti.mkv -filter_complex "[0:v][1:v]overlay=0:612:enable='between(t,702,948)'" -c:v libx264 -crf 20 -c:a copy navin.mkv
```

७०२ ते ९४८ हे त्या स्लाइडचे सेकंद आहेत. आवाज जसाच्या तसा उचलला जातो, चित्र मात्र पुन्हा एनकोड करावेच लागते, त्यातून सुटका नाही. सुरुवातीचा क्षण स्लाइड पूर्ण आल्यानंतरचा धरावा. तो अर्ध्या सेकंदाने जरी आधीचा धरला, तरी मागच्या स्लाइडच्या तळाशी पुढच्या आलेखाचा अक्ष चमकून जातो, आणि अशी गोष्ट मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

आता त्या एका दोषाबद्दल, ज्याने मला गरजेपेक्षा फार जास्त छळले. वरच्या आज्ञेत पट्टी `patti.mkv` मध्ये का साठवली, सरळ पीएनजी चित्र का घेतले नाही, असे कोणीही विचारेल. मीही आधी पीएनजीच घेत होतो. पांढऱ्या स्लाइडवर सगळे ठीक दिसे, पण फिकट निळ्या स्लाइडवर ठिगळ किंचित वेगळ्या छटेचे येई आणि ६१२ व्या ओळीवर आडवी शिवण दिसे. वर्गात ती कोणाच्याही लक्षात आली नाही, मला मात्र दुसरे काही दिसेना. प्रोजेक्टरचा दिवा बदलून पाहिला, केबल बदलून पाहिली, चित्राचा दर्जा ठरवणारा `-crf` चा आकडा उतरवत नेऊन फाइल अवाच्या सवा फुगवली, तरी शिवण जागची हलली नाही.

कारण रंगांच्या भाषांतरात होते. व्हिडिओत रंग लाल-हिरवा-निळा असे नसतात, तर उजेड आणि रंगछटा असे वेगळे साठवलेले असतात. पीएनजी करताना ते लाल-हिरव्या-निळ्यात बदलतात आणि चिकटवताना पुन्हा उलट फिरतात. एचडी व्हिडिओसाठी बीटी.७०९ नावाचे सूत्र आहे आणि जुन्या टीव्हीच्या आकारासाठी बीटी.६०१. जाताना एक सूत्र आणि येताना दुसरे लागले की छटा सरकते. पांढऱ्या-करड्या रंगात छटाच नसल्यामुळे तिथे फरक पडत नाही, म्हणूनच पांढऱ्या स्लाइडने मला इतके दिवस फसवले. एफएफव्ही१ या प्रकारात पट्टी काही न गमावता व्हिडिओच्याच स्वरूपात राहते, भाषांतराचा प्रश्न उद्भवत नाही, आणि शिवण नाहीशी होते. ही एक ओळ कळण्यासाठी मी जेवढा वेळ घालवला, त्यात एखादा धडा शिकवून झाला असता.

ठिगळाची खरी मर्यादा वेगळी आहे. त्या जागी जे हलते ते सगळे ठिगळाखाली गाडले जाते. थ्रेशोल्ड फ्रिक्वेन्सी समजावताना प्राध्यापक लेसरचा लाल ठिपका रेषेवरून खाली आणतात, आणि ६१२ व्या ओळीशी आला की तो ठिपका नाहीसा होतो, म्हणजे नेमके ज्याकडे बोट दाखवायचे तिथेच. त्यासाठी अट बदलून ती आठ सेकंदे वगळली:

```
enable='between(t,702,948)*not(between(t,830,838))'
```

तेवढा वेळ सबटायटल दिसते, पण ठिपका हरवण्यापेक्षा ते परवडले. फळ्यावर हळूहळू लिहिले जात असेल तर आणखी सावध राहावे, कारण उशिराच्या क्षणाची पट्टी लावली तर शेवटची ओळ लिहिण्याआधीच दिसू लागते. तिथे मी लिखाणाच्या टप्प्यांनुसार वेगवेगळ्या पट्ट्या घेतो. ते काम किचकट आहे आणि दर व्हिडिओला ते करण्याचा धीर माझ्यात नाही.

आमच्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक सूचना. एप्रिल-मेमध्ये वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि डेस्कटॉपला यूपीएस नसला तर अर्धवट राहिलेली एमपी४ फाइल उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका एरवी सर्वांत शेवटी लिहिली जाते. एमकेव्हीचे तसे नसते, जेवढे झाले तेवढे चालते आणि काम कुठवर ठीक उतरले ते पाहता येते. म्हणून वर `navin.mkv` आहे. सगळे नीट झाल्यावर `-c copy` ने त्याचे एमपी४ करायला अगदी थोडा वेळ पुरतो.

काही व्याख्यानांत सबटायटलमागे अपारदर्शक काळा डबा असतो आणि तो एका क्षणासाठीही हटत नाही. तिथे मोकळा क्षणच नसल्यामुळे पट्टी मिळत नाही, आणि डब्याखालचे चित्र त्या फाइलमध्ये कुठेच नसते. अशा वेळी मी व्हीएलसीत १०८ पिक्सेल कापून व्हिडिओ दाखवतो आणि आलेखाचा खालचा अक्ष खडूने फळ्यावर काढतो.