सुप्त क्षय आणि सक्रिय क्षय: एकाच घरातले दोघे
हडपसरच्या एका घरात वडिलांच्या थुंकीत औषधांना दाद देणारे क्षयजंतू सापडले, असे समजा. 3 वर्षांच्या मुलाला खोकला-ताप नाही आणि वजनही वाढते आहे. 5 वर्षांखालील असल्याने, सक्रिय क्षय नसल्याची खात्री होताच, त्वचाचाचणीची वाट न पाहता त्याला वजनानुसार आयसोनायझिड 6 महिने रोज देता येते. आईची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह आहे, मात्र ही चाचणी सुप्त संसर्ग आणि आजार यांत फरक करत नाही (गोंधळ नेमका इथेच होतो). तिला 2 आठवडे खोकला असल्याने एक्स-रे व थुंकीची तपासणी आधी हवी. सुप्त संसर्गात जंतू थोडे असतात व पसरत नाहीत, म्हणून एक औषध पुरते. सक्रिय आजारात तेच एकटे दिल्यास प्रतिरोधक जंतू उरतात, म्हणून तिथे सुरुवातीला 4 औषधे एकत्र देतात.